धोका दुप्पट झाला म्हणजे आयुष्य अर्धं झालं का?

फिरत असलेला मेसेज असा आहे: "विज्ञानाने सिद्ध केलंय. जन्मापासून दर ८ वर्षांनी मृत्यूचा धोका दुप्पट होतो. ३०व्या वर्षी हजारात १, म्हणून ११०व्या वर्षी हजारात १०२४. म्हणजे १०० टक्क्यांच्या वर! म्हणून ११० च्या पुढे कोणी जगूच शकत नाही. शुगरवाल्यांचा धोका आधीच दुप्पट, म्हणजे त्यांचं उरलेलं आयुष्य अर्धं. सर्वांना पाठवा."

हा मेसेज मला नागपूरच्या अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या तिघांकडून आला. त्यातल्या एका काकांचं वय ६२, आणि त्यांना शुगर आहे. आपण ऐंशीपर्यंत जाऊ असा त्यांचा हिशेब होता. त्या दिवशी बाकावर बसून त्यांनी विचारलं, "सर, मंग माहे अठराचे नऊच वर्षं रायले का?" मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. त्यांना दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहितो आहे.

दर काही वर्षांनी धोका दुप्पट होतो, ही गोष्ट खरी आहे. लंडनमध्ये विम्याचं गणित करणाऱ्या बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी ती १८२५ मध्ये मांडली. प्रौढ वयात मृत्युदर ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जातो, आणि ते अंतर साधारण ८ वर्षांच्या आसपास येतं. त्यामुळे मेसेजमधला मूळ आकडा मी मान्य करतो आणि ३०व्या वर्षी हजारात १ हेही उदाहरणापुरतं धरतो. चुका त्याच्या पुढे सुरू होतात.

"जन्मापासून"

नियम उलटा चालवून पाहा. ३० वर्षं म्हणजे पावणेचार वेळा निम्मं करणं. हजारात १ वरून आपण लाखात सात-आठवर येतो, आणि नवजात बाळाचा धोका एवढाच असायला हवा. भारतात २०२० साली दर हजार जन्मांमागे २८ बाळं पहिल्या वर्षात दगावली. म्हणजे नियमाच्या उत्तरापेक्षा साडेतीनशे पटींहून जास्त. धोका जन्मानंतर आधी वेगाने उतरतो, दहाव्या वर्षाच्या आसपास तळाला जातो आणि तरुणपणी अपघातांमुळे पुन्हा चढतो. दुप्पट होण्याची नीट चाल तिशीनंतर दिसते. अपघातासारखे वयाशी फारसे न बांधलेले मृत्यू वेगळे मोजायला विल्यम मेकहॅम यांनी १८६० मध्ये याच सूत्रात एक स्थिर आकडा मिळवला, तो यासाठीच.

"११० ला १०० टक्क्यांच्या वर"

धोका दिलेला असेल तर वय काढण्याची ही रीत उपयोगी आहे, म्हणून आधी ती नीट करू. विचारायचं एवढंच, की सुरुवातीच्या धोक्यापासून हव्या त्या धोक्यापर्यंत जायला किती वेळा दुप्पट करावं लागतं. १ टक्का म्हणजे हजारात १०, म्हणजे दहापट. तीन वेळा दुप्पट केलं की आठपट होते, चार वेळा केलं की सोळापट. म्हणजे उत्तर तीन आणि चारच्या मध्ये कुठेतरी आहे. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ते असं निघतं:

```
30 + 8 × log(10) ÷ log(2) = 56.6
```

म्हणजे साडेछपन्नाव्या वर्षी वर्षाला १ टक्का. प्रत्येक दहापटीला आणखी २६.६ वर्षं लागतात, म्हणून १० टक्के धोका ८३व्या वर्षी येतो. दुसऱ्या लोकसंख्येसाठी, किंवा स्त्रिया आणि पुरुषांसाठी वेगवेगळं काढायचं असेल, तर ३०व्या वर्षाचा आकडा आणि दुपटीचं अंतर त्यांचं घ्यायचं.

हजारपट करायला दहा वेळा दुप्पट करावं लागतं, म्हणजे ८० वर्षं. तेव्हा ११० हे वय बरोबर आहे. चूक आहे ती दराला शक्यता समजण्यात. दर हा गाडीच्या वेगासारखा असतो. तो त्या क्षणाचा असतो आणि जे अजून हयात आहेत त्यांनाच लागू होतो. वर्षाला १.०२ दर म्हणजे महिन्याला साधारण साडेआठ टक्के. शंभर जणांतून पहिल्या महिन्यात आठ-नऊ जातात, दुसऱ्या महिन्यात उरलेल्यांचे साडेआठ टक्के, आणि असं बारा वेळा. वर्षाच्या शेवटी सुमारे ३४ जण शिल्लक राहतात. दर १०० टक्क्यांच्या वर गेला तरी शक्यता तिथे पोचत नाही.

जगही तेच सांगतं. फ्रान्सच्या जान कालमाँ १२२ वर्षं १६४ दिवस जगून १९९७ मध्ये वारल्या. जपानचे जिरोएमोन किमुरा ११६ वर्षांचे होऊन २०१३ मध्ये गेले. इटलीतल्या १०५ वर्षांपुढच्या लोकांवरचा २०१८ चा अभ्यास म्हणतो की तिथे दर दुप्पट होणं थांबतं आणि वर्षभरात मरण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास स्थिरावते. त्यावर वाद आहे, आणि तो रास्त आहे. वय वाढवून सांगितलेलं असलं तरी आलेखाची रेघ अशीच आडवी होते. आपल्याकडे कितीतरी म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख कागदावर १ जानेवारी असते. मृत्युदराचे लॉग वयासमोर मांडले तर सरळ रेघ यायला हवी. ती ६०, ६५, ७० ला दातेरी झाली, तर वयं अंदाजाने लिहिली आहेत असं समजावं.

"उरलेलं आयुष्य अर्धं"

काकांचा प्रश्न इथला. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्यही हेच आहे.

शुगरमुळे धोका दुप्पट होतो असं क्षणभर धरू. मग याच नियमाने काकांचा धोका आणखी ८ वर्षांनी मोठ्या माणसाइतका झाला. ६२ चे काका ७० वर्षांच्या माणसाच्या रांगेत उभे राहिले. आता ७० च्या माणसाची किती वर्षं उरतात ते मोजायचं. ७० ला दर ३.२ टक्के, ७८ ला ६.४. या आठ वर्षांत तो सरासरी ४.६ धरला तर आठही वर्षांच्या दरांची बेरीज होऊन एकूण साचतं ०.३७. शंभरातले पन्नास जायला ०.६९, म्हणजे २ चा नैसर्गिक लॉग, एवढं साचावं लागतं, म्हणजे आणखी ०.३२ हवं. ७८ नंतर दर आणखी वाढलेला असल्याने ते साधारण चार वर्षांत भरतं. आठ आणि चार, बारा. शुगर नसलेल्या ६२ च्या माणसासाठी हाच हिशेब १८ वर्षं देतो, म्हणजे काकांचा ऐंशीचा अंदाज चांगलाच होता. १८ चे १२ झाले, ९ नाही.

तरुणपणी तर हे नुकसान अर्ध्याच्या जवळपासही जात नाही. ३०व्या वर्षापासून धोका जन्मभर दुप्पट राहिला, तर निम्मे लोक जायचं वय ७७.५ वरून ६९.६ वर येतं. उरलेल्या साडेसत्तेचाळीस वर्षांपैकी आठ गेली, म्हणजे सहावा हिस्सा. दुपटीची किंमत दुपटीच्या अंतराएवढी असते. म्हातारपणी ती त्याहूनही कमी होते, कारण तिथे दर आधीच वेगाने चढत असतो.

शिवाय ही बारा वर्षं म्हणजे निम्मे लोक ज्या टप्प्याच्या पुढे जातात तो टप्पा. शुगरमुळे वाढणारी पटही वयानुसार आकसत जाते, म्हणून खरा आकडा बाराच्या वरच येईल. आणि पट दुपटीची न राहता दीडपटीची झाली, तर काकांचं वय आठ वर्षांनी नव्हे, ४.७ वर्षांनीच पुढे सरकतं. हा शेवटचा आकडा मी बाकावरच कॅल्क्युलेटरवर काढून दाखवला. काकांनी चष्मा लावून तो आपल्या मोबाइलवर पुन्हा काढून पाहिला.