रक्त दिसायच्या आधीची कॉक्सी

"विष्ठेत रक्त दिसलं तरच कॉक्सी समजायची. दिसलं की लगेच पाण्यातून अँप्रोलियम, अशक्तपणा जायला सोबत बी-कॉम्प्लेक्स, पाच दिवसांत लॉट साफ. खाद्यात कॉक्सीचं औषध असेल तर काळजीच नाही. लिटरच्या तुसावर चुना मारला की जंतू संपले."

ब्रॉयलरवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज दर हंगामात फिरून येतो. यात चार गोष्टी आहेत आणि चारही अर्धवट आहेत. सगळ्यात जास्त नुकसान बी-कॉम्प्लेक्सवाल्या वाक्यानं होतं, पण आधी रक्ताचं बघू.

कॉक्सी म्हणजे कोंबडीच्या आतड्यात वाढणाऱ्या आयमेरिया या परजीवीचा रोग, आणि या परजीवीच्या प्रत्येक जातीची जागा ठरलेली असते. ढळढळीत रक्त दिसतं ते मुख्यतः टेनेलामुळे, आणि ती बसते सीकात, म्हणजे शेवटच्या दोन आंधळ्या आतड्यांत. असर्व्हुलिना वरच्या आतड्यात राहते. ती रक्त काढत नाही, नुसती वाढ खाते. मॅक्झिमा मधल्या भागात असते. तिथं आतडं फुगतं, आत नारिंगी चिकट पाणी सापडतं आणि रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, पण विष्ठेत बऱ्याचदा काहीच उमटत नाही. या दोघींनी लॉटचं वजन मागे पाडलेलं असतं आणि मालक रक्ताची वाट बघत बसलेला असतो. उलटही होतं. सीकातून येणारी चॉकलेटी, चिकट विष्ठा अगदी निरोगी पिल्लाचीही असते. ती पाहून घाबरून औषध चालू केलेले लॉट मी पाहिलेत.

त्यामुळे पिल्लू उघडूनच बघावं लागतं. रात्रीतून मेलेलं नको, त्याचं आतडं सडून काहीच कळत नाही. पंख फुगवून बसलेली आणि चालती-फिरती अशी मिळून चार-पाच पिल्लं घ्या, आणि कापण्याआधी आतडं बाहेरून नीट बघा. सुरुवातीच्या वळणावर शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे पांढरे पट्टे दिसले तर असर्व्हुलिना. मधोमध, जिथं पिवळ्या बलकाच्या देठाची बारीक खूण उरलेली असते, तिथं दोन्ही बाजूंना मॅक्झिमा शोधा. सीका जांभळी, फुगीर आणि आत रक्त किंवा गुठळी असेल तर टेनेला. जुनं दुखणं असेल तर त्याच जागी पनीरासारखा घट्ट गोळा मिळतो. आतडं टॉवेलसारखं खरखरीत आणि दुर्गंधीयुक्त असेल तर मात्र क्लोस्ट्रिडियम या जिवाणूचा संशय घ्या. तो पुष्कळदा मॅक्झिमाच्या पाठोपाठ येतो आणि त्याचा इलाज वेगळा आहे.

एक अडचण लॅबमध्येही येते. टेनेलात ऊसिस्ट, म्हणजे परजीवीची अंड्यासारखी कवचाची अवस्था, गिळल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी रक्त सुटतं, आणि नवे ऊसिस्ट विष्ठेत येतात त्यानंतर, सहाव्या-सातव्या दिवशी. म्हणून रक्त सुटलेल्या दिवशीच्या विष्ठेचा रिपोर्ट "काही नाही" असा येऊ शकतो. त्यावेळी सीकाच्या आतली खरड मायक्रोस्कोपखाली बघितली तर परजीवीच्या पेशींचे पुंजके सापडतात.

आता औषध. अँप्रोलियम दिसायला बी-१ जीवनसत्त्वासारखं असतं. परजीवी बी-१ समजून ते घेतो आणि उपाशी पडतो. त्याच पाण्यात तुम्ही बी-कॉम्प्लेक्स ओतलं, म्हणजे खरं बी-१ ओतलं, तर त्या परजीवीला तुम्हीच जेवायला वाढलंत. कोर्स चालू असताना बी-१ असलेलं काहीही पाण्यात नको, कोर्स संपल्यावर द्या. रक्तस्राव चालू असताना व्हिटॅमिन के आणि ए दिली तरी चालतात. मात्रा साधारण लिटरभर पाण्यात २४० मिलीग्रॅम अँप्रोलियम, म्हणजे २० टक्के पावडर असेल तर १.२ ग्रॅम. तीन ते पाच दिवस, मग कमी मात्रेवर आणखी आठवडा-दोन आठवडे. लेबलवर वेगळं लिहिलं असेल तर लेबल खरं.

शिवाय अँप्रोलियमचा मुख्य मार परजीवीच्या पहिल्या पिढीवर, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या आसपास बसतो. रक्त काढते ती दुसरी पिढी. जे पिल्लू आज रक्त टाकतंय त्याला या औषधाचा फारसा उपयोग नसतो. ते शेजारच्या पिल्लांसाठी असतं. टॉल्ट्राझ्युरिल मधल्या सगळ्या अवस्थांवर काम करतं, म्हणून उशिरा लक्षात आलेल्या लॉटला मी ते पसंत करतो. मात्र विक्री जवळ आली असेल तर लेबलवरचे थांबण्याचे दिवस मोजूनच.

आणि पाच दिवसांत लॉट साफ का दिसतो? रोगाची फेरीच तेवढ्यात संपते. जगलेली पिल्लं आठवड्याभरात स्वतःच रक्त टाकायची थांबतात. चुकीचं औषध दिलं तरी श्रेय त्यालाच मिळतं.

खाद्यातल्या औषधाबद्दल थोडक्यात सांगतो. सॅलिनोमायसिन, मोनेन्सिनसारखी औषधं संख्या दाबून ठेवतात, शून्य करत नाहीत. तेच औषध लॉटमागून लॉट वापरलं की परजीवी सरावतो, म्हणून ते बदलत राहावं लागतं. स्वतःहून मात्रा वाढवू नका, विषबाधा होते. आणि ही औषधं चालू असताना टायाम्युलिन कधीच देऊ नका.

उरला चुना. ऊसिस्टचं कवच नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही, भुरभुरलेल्या चुन्याला तर नाहीच. उलट चुन्यानं लिटरमधला अमोनिया मोकळा होतो आणि पिल्लांचे डोळे चुरचुरतात. ऊसिस्टचं दुखणं ओलाव्यात आहे. ताज्या विष्ठेतला ऊसिस्ट लगेच रोग देत नाही. ओल, ऊब आणि हवा मिळाली की दिवस-दोन दिवसांत तो पिकतो, मगच घातक होतो.

मागे एका दोन हजारांच्या शेडवर चोविसाव्या दिवशी सकाळी रक्त आणि मरतूक सुरू झाली. पाच पिल्लं उघडली, तिघांची सीका रक्तानं भरलेली. मग आम्ही दिवस उलटे मोजले. आज रक्त, म्हणजे गिळलं एकोणीस-वीसला. पिकायला दिवस-दोन दिवस, म्हणजे ओल सतराच्या आसपास सुरू झालेली असणार. वहीत सोळाव्या दिवशी नोंद होती: पाण्याच्या निप्पलचं प्रेशर वाढवलं. आजारी पिल्लं बहुतेक एकाच लाइनखाली होती आणि तिथं तुसाची पापडी धरलेली. मुठीत दाबलं की लाडू वळत होता. चांगलं लिटर दाबल्यावर क्षणभर धरतं आणि बोट लावताच सुटतं.

मालक दाताळं घेऊन ती पापडी शेडभर पसरायला निघाला होता. त्याला थांबवलं, पापडी पोत्यात भरून बाहेर काढली, नवीन तूस टाकलं, प्रेशर उतरवलं. पाण्याच्या टाकीजवळ बी-कॉम्प्लेक्सची बाटली उघडून ठेवलेली होती, ती बाजूला केली आणि टॉल्ट्राझ्युरिल दोन दिवस दिलं. मरतूक आणखी दोन दिवस चालली, मग उतरली.

पुढच्या लॉटला त्यानं अठराव्या दिवशी स्वतःच तीन पिल्लं उघडली आणि फोटो पाठवला. कुठंही रक्त नव्हतं, पण दोघांच्या आतड्यावर पांढरे आडवे पट्टे होते. खाद्यातलं औषध बदलायची वेळ झाली होती.