भाव हलवू नका, शेजारी बघतोय

तर तुम्ही 20 लिटरच्या पाण्याच्या जारचा धंदा टाकलाय, अभिनंदन. गावात आरओ प्लांट तीनच, एक तुमचा आणि दोन त्या दोघांचे, आणि तिघांचाही रेट 40 रुपये. सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा, 40 च का हे कुणाला विचारायचं नाही. विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, आणि ज्या थिअरीच्या जोरावर मी तुम्हाला एवढं शहाणपण शिकवणारे तिच्याकडेही ते उत्तर नाहीये.

आता मनाची तयारी करा, म्हणजे शेजाऱ्यांबद्दल कायम वाईटच धरून चालायचं. तुम्ही रेट उतरवलात की ते दोघं संध्याकाळच्या आत उतरवणार, आणि तुम्ही चढवलात की मिशीतल्या मिशीत हसत 40 वरच बसून राहणार आणि तुमचे कस्टमर हॉटेलापासून सोसायटीपर्यंत एकेक करून उचलून नेणार. झालं, एवढा संशय पोटात असला की तुम्ही ऑलिगोपॉलीवाले, म्हणजे मोजक्याच विक्रेत्यांच्या बाजारातले, झालात. 1939 साली अमेरिकेत अर्थतज्ज्ञ पॉल स्वीझीने हाच संशय कागदावर काढला आणि त्याला किंक्ड डिमांड कर्व्ह, म्हणजे बाक आलेला मागणी वक्र, असं नाव पडलं. त्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये हॉल आणि हिच या दोघा अर्थतज्ज्ञांनीही तेच मांडलं, त्यांनी तर 38 उद्योजकांना गाठून भाव कसा ठरवता असं सरळ विचारलं होतं, आणि बहुतेकांचं म्हणणं साधारण असं की आम्ही खर्च काढतो, त्यावर नेहमीचा नफा चढवतो, बाकी ते तुमचं मार्जिनल वगैरे आम्ही काही मांडत बसत नाही. तुम्हीही मांडू नका. मी मांडतो, तुम्ही फक्त हो म्हणा.

समजा आज तुमचे रोज 100 जार जातात. रेट 41 केलात तर 90 जातील, कारण एका रुपयासाठी माणूस तुम्हाला सोडून शेजाऱ्याकडे जाऊ शकतो आणि तिकडे अजून 40 च आहे. आता उलट, तुम्हाला 110 विकायचेत. त्यासाठी 39 ने भागत नाही, 37 पर्यंत उतरावं लागतं, कारण ते दोघंही तुमच्यासोबत उतरलेले असतात आणि जे 10 जार वाढतात ते त्यांच्याकडून पळवलेले नसतात, आजवर नळाचं पाणी उकळून पिणारे कुणीतरी स्वस्त झालं म्हणून जार मागवायला लागलेले असतात. वर जाताना मागणीची रेषा जवळपास आडवी, खाली येताना चांगलीच उभी, आणि मोडते बरोबर 40 वर.

आता गल्ल्याचं बघा, खरी मजा तिथे आहे. 37 केल्यावर वाढलेल्या 10 जारचे 370 आले, पण जे 100 जार तसेही 40 ला जात होते त्यांच्यावर प्रत्येकी 3 रुपये सोडले, म्हणजे 300 गेले. हातात उरले 70, जारमागे 7. आणि 41 केल्यावर 10 जारचे 400 बुडाले, उरलेल्या 90 वर एकेक रुपया जास्त मिळाला, म्हणजे निव्वळ 310 चा फटका, जारमागे 31. म्हणजे एक जार जास्त विकून जेमतेम 7 मिळतात आणि एक जार कमी विकला तर 31 जातात! पायरी बारीक बारीक करत नेली तर हे आकडे 10 आणि 30 वर येऊन टेकतात, आणि त्यांच्या मध्ये मार्जिनल रेव्हेन्यूची, म्हणजे एक जार जास्त विकून गल्ल्यात किती भर पडते त्याची, रेषाच नसते, सरळ उभी फट असते.

या फटीवर प्रेम करायला शिका. कारण एक जार जास्त भरून पोचवायला जो खर्च येतो, वीज, टेम्पोचं डिझेल, पोऱ्याची जारमागची मजुरी (गाळ्याचं भाडं यात धरू नका, ते जार भरला नाही तरी जातंच), तो 10 आणि 30 च्या मधे कुठेही असला तरी तुमचं उत्तर एकच, 40. खर्च 28 असताना 40 ला रोजचे 1200 सुटतात, 41 ला 1170 आणि 37 ला 990. मग तुम्ही सोलर बसवलंत, खर्च 15 वर आला, कस्टमर आशेने बघतोय. तर 40 ला 2500, 37 ला 2420, 41 ला 2340. बघा, परत 40! तेव्हा वाचलेले 13 रुपये बिनधास्त खिशात टाका, आणि कुणी विचारलंच की दादा आता रेट कमी करा की, तर त्याला शांतपणे सांगा, माझी इच्छा फार आहे हो पण मार्जिनल रेव्हेन्यूत फट आहे.

फक्त खर्च 35 वर गेला तर ही सबब चालणार नाही. तेव्हा 40 ला 500 सुटतात आणि साडेबेचाळीस रुपयाला 75 च जार गेले तरी 562 रुपये 50 पैसे, म्हणजे शेजाऱ्याला हसू द्यायचं आणि भाव चढवायचा.

पण एक अडचण आहे, ती तुम्हाला सांगायची माझी इच्छा नव्हती. डिझेल महागलं तर ते एकट्या तुम्हाला महागत नाही. त्या दोघांच्याही टेम्पोत तेच डिझेल जातं, मग तुम्ही वाढवल्यावर ते कशाला थांबतील, ते तर तुमचीच वाट बघत असतात. आणि ते मागून आले की वरचा आडवा भाग गायब, बाक गायब, फट बुजली. जिओने 27 जून 2024 ला रिचार्जचे नवे वाढीव दर जाहीर केले तेव्हा स्वीझीच्या हिशोबाने एअरटेल आणि व्हीआयने गालातल्या गालात हसून गप्प बसायला हवं होतं, नाही का? दुसऱ्याच दिवशी दोघांनी आपापली दरवाढ जाहीर केली. तुमचा नंबर कुठल्याही कंपनीचा असो, बाक तुम्हाला काही दिसला नसणार.

हे अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलरने 1947 मध्येच बोलून दाखवलं होतं. त्याने अमेरिकेतले सात धंदे तपासले, सिगरेट, मोटारी, पोलाद, पेट्रोल वगैरे, आणि भाववाढीच्या मागे शेजारी जातच नाहीत याला काही पुरावा सापडेना. सिगरेटचं तर बघाच. 23 जून 1931, मंदी ऐन भरात, तंबाखूच्या पानाचा भाव पडलेला, आणि अशा वेळी रेनॉल्ड्स कंपनीने आपल्या कॅमल सिगरेटचा हजार नगांचा भाव 6.40 डॉलरवरून 6.85 केला. फटीच्या नियमाने बाकीच्या दोन मोठ्या कंपन्यांनी कॅमलचं गिऱ्हाईक उचलायचं होतं, त्यांनी चोवीस तासांच्या आत आपलाही भाव 6.85 केला. तेव्हा तुमचे शेजारी कुठल्या जातकुळीचे आहेत हे ओळखायचं असेल तर ते भाव उतरवल्यावर काय करतात हे बघून काही कळत नाही, तेव्हा सगळेच मागे येतात. चढवल्यावर काय करतात ते बघा.

आणि तिघं मिळून चढवायचं ठरलंच तर चौथ्याकडे लक्ष असू द्या. मोठ्या ब्रँडचं सिगरेटचं पाकीट साधारण 15 सेंटला झालं तेव्हा 10 सेंटवाले बारके ब्रँड, ज्यांना 1931 च्या जूनमध्ये कुणी हिशोबातच धरत नव्हतं, ते 1932 च्या नोव्हेंबरपर्यंत बाजाराचा 22 टक्क्यांहून जास्त हिस्सा खाऊन बसले. मग 1933 च्या जानेवारीत भाव 6 डॉलर, फेब्रुवारीत साडेपाच, आणि खाली येतानाही सगळे सोबतच. पुढे संगनमताचा खटला झाला आणि 1946 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तिन्ही कंपन्यांची शिक्षा कायम केली, लेखी करार कुणी दाखवला नव्हता तरी. त्यामुळे शेजाऱ्यांना फोन करू नका, चहाला बोलवू नका, नुसता 45 चा बोर्ड लावा आणि ते दोघं बघताहेत याची खात्री करून घ्या.