श्वास मोठा नको, सावकाश हवा : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : «कामाच्या वेळेतल्या डोकेदुखीवरचा तुमचा लेख वाचला. मी बँकेत रोख काउंटरवर असते. साडेबारा-एकच्या सुमारास कपाळाला पट्टा आवळावा तसं डोकं धरतं. लेख वाचून जागेवरच आठ-दहा खोल श्वास घेतले, तर चक्कर आल्यासारखं झालं आणि बोटांना मुंग्या आल्या. खांदे ताणून सोडले, तर मानेत उसण भरली. समोर रांग असताना डोळे मिटून बसणार कोण? गोळी घेतली की पाऊण तासात काम होतं. मग हे सगळे प्रकार हवेतच कशाला?»

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुम्ही नेमके काय केले आणि नेमके काय झाले, हे दोन्ही लिहिलेत, त्यामुळे उत्तरही मोघम द्यावे लागत नाही. सुरुवात बोटांच्या मुंग्यांपासून करतो.

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. ‘खोल श्वास घ्या’ म्हटले की बहुतेक जण छाती भरून हवा ओढतात आणि ती लगेच सोडून पुढचा श्वास घेतात. म्हणजे श्वासांची संख्या तेवढीच राहते आणि प्रत्येक श्वासातली हवा मात्र दुप्पट होते. निरोगी माणसाच्या रक्तात प्राणवायू आधीच जवळजवळ पुरेपूर असल्याने या जादा हवेने तो फारसा वाढत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, आणि त्याचे रक्तातले प्रमाण घटले की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोके हलके वाटते, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. दुखते डोके अशा वेळी आणखी ठणकले तर त्यात नवल नाही. शिवाय छाती वर उचलून श्वास घेताना मानेच्या दोन्ही बाजूंचे आणि खांद्याच्या वरच्या भागाचे स्नायू बरगड्या उचलायला मदतीला येतात. तुमच्या प्रकारच्या डोकेदुखीत दाबल्यावर दुखरे लागणारे स्नायू बहुधा हेच असतात, म्हणजे ज्यांना सुट्टी द्यायची त्यांनाच आपण जादा पाळी लावतो.

म्हणून श्वास मोठा नको, सावकाश हवा. तोंड मिटून, नाकाने, साधारण चार सेकंद हवा आत घ्यावी, आणि ती नेहमीच्या श्वासाहून थोडीशीच जास्त असावी. मग सहा सेकंद, गरम चहावर हळूच फुंकर घालावी इतक्या बेताने, पण नाकानेच, सोडावी. असा एक फेरा दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. एक हात बेंबीच्या वर ठेवला तर तो किंचित पुढे सरकल्याचे जाणवावे, खांदे मात्र हलू नयेत. चार-सहाच्या मापात हवा अपुरी वाटू लागली, तर तीन सेकंद आत आणि साडेचार सेकंद बाहेर असे धरावे. आकड्यांचा हट्ट करण्याची गरज नाही, बाहेर जाणारा श्वास लांब असला म्हणजे झाले. मधेच उसासा टाकावासा वाटला, जांभया येऊ लागल्या किंवा मुंग्या जाणवल्या, तर हवेचे प्रमाण जास्त झाले असे समजून मोजणे सोडावे आणि नेहमीसारखा श्वास चालू द्यावा. दोन-तीन मिनिटांत ते आपोआप स्थिरावते.

आता मानेतल्या उसणीविषयी. स्नायू ताणून सोडण्याची ही पद्धत शिकागोचे डॉक्टर आणि शरीरक्रियातज्ज्ञ एडमंड जेकबसन यांची. त्यांचा त्यावरचा ग्रंथ १९२९ सालचा आहे. त्यांच्या लेखी ताणणे हा व्यायाम नव्हताच. ताण कसा जाणवतो हे ओळखू यावे एवढ्यापुरता तो घ्यायचा, आणि खरा अभ्यास तो सोडल्यानंतरचा. आपल्याकडे ही पद्धत सांगताना ‘पूर्ण जोर लावून आवळा’ असे सर्रास सांगितले जाते, ते मला पटत नाही. आधीच दुखऱ्या मानेला पूर्ण जोर दिला तर पेटका येणारच. खांद्यांना निम्मा आणि मानेला व जबड्याला एक तृतीयांश जोर पुरे होतो. पाच सेकंद ताण, मग एकदम सोडणे, आणि नंतर पंधरा-वीस सेकंद काहीही न करता तो भाग कसा वाटतो हे पाहणे. या वीस सेकंदांना बहुतेक जण कात्री लावतात, आणि मग उपयोग झाला नाही असे म्हणतात.

हे काउंटरवर करायचेच नाही. घरी, संध्याकाळी, डोके दुखत नसताना, खुर्चीत पाठ टेकून दहा-पंधरा मिनिटे करायचे. भुवया वर उचलून कपाळ, मग डोळे, मग दात हलके दाबून जबडा, मग खुर्चीच्या पाठीला किंवा हाताच्या तळव्याला डोके मागे टेकवून मान, आणि शेवटी कानांकडे उचलून खांदे, एवढे पाच भाग तुमच्या दुखण्यासाठी पुरेसे आहेत. हातापायांचे सगळे गट घेण्याची घाई नाही. साधारण दोन आठवड्यांनंतर ताणण्याचा भाग गाळून फक्त सोडणे करायचे, आणि प्रत्येक वेळी बाहेर जाणाऱ्या श्वासाबरोबर मनात ‘सैल’ हा शब्द म्हणायचा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऊस्ट यांनी १९८७ साली मांडलेल्या क्रमातही हाच मार्ग आहे : आधी ताणून सोडणे, मग नुसते सोडणे, मग शब्दाच्या खुणेवर सोडणे आणि शेवटी ते चालू कामात वापरणे. तुम्ही पहिल्याच दिवशी शेवटच्या पायरीवर गेलात, तेही डोके चढलेले असताना. ती पायरी तशी कोणालाच जमत नाही.

रांगेचा प्रश्न इथे सुटतो, कारण शेवटच्या पायरीत डोळे मिटावे लागत नाहीत. जेकबसन यांचाच एक विचार यात फार कामाचा आहे : चालू कामाला जे स्नायू लागतात तेवढेच कामाला लावावेत, बाकीचे सोडून द्यावेत. नोटा मोजताना बोटे, मनगट आणि नजर लागते. जबडा लागत नाही, कपाळ लागत नाही, खांदे कानाशी न्यावे लागत नाहीत. तरी ते तिथे असतात. पडताळा हवा असेल तर दोन्ही कानशिलांवर बोटे ठेवून दात एकदा दाबून पाहा. बोटांखाली जो स्नायू फुगतो, तो जबड्यापासून थेट कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला असतो. बारा वाजता हिशेबात फरक येतोय असे वाटले की तुम्ही तासभर तोच आवळून बसता, आणि दुखते मात्र कपाळ. स्वस्थ स्थितीत ओठ मिटलेले असावेत, पण वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकू नयेत. जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला हलके लागलेले असले की दात आपोआप सुटे राहतात.

यासाठी वेगळा वेळ काढण्यापेक्षा हे हातातल्या कामाला बांधावे. शंभर नोटांची गड्डी मोजायला यंत्राला साधारण सहा-सात सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ तुम्ही नुसत्या आकड्याकडे पाहत असता. गड्डी आत गेली की श्वास सोडायला लागायचे, ‘सैल’, दात सुटे, खांदे खाली. आकडा दिसला की पुढचे काम. समोरच्या ग्राहकाला काही केल्याचे कळणारही नाही. प्रत्येक गड्डीला हे साधणार नाही, तसा आग्रहही नको; पण सकाळी काउंटर उघडल्यापासून सुरू करा, डोके धरण्याची वाट पाहू नका. स्क्रीनकडे पाहताना हनुवटी पुढे जात असेल तर ती त्याच वेळी दुहेरी हनुवटी केल्यासारखी किंचित मागे घ्या, म्हणजे डोक्याचा भार कवटीच्या बुडाशी असलेल्या लहान स्नायूंवर येणार नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी तीन-चार मिनिटे चार-सहाचे श्वास घेतले तर दुपारचा ताण पुढे साचत नाही.

डोके पूर्ण चढल्यावर यातले काही केले तर थोडे सुसह्य वाटेल, पण पाऊण तासात गोळी जे करते ते हे करणार नाही. या तंत्रांचा चांगला परिणाम दिसतो तो काही आठवड्यांच्या सरावानंतर, महिन्यातले दुखण्याचे दिवस आणि त्यांची तीव्रता कमी होण्यात. आणि सगळा दोष स्नायूंचा असतो असेही नाही. वारंवार दुखणाऱ्यांमध्ये वेदना वाहून नेणारी यंत्रणाच हळवी झालेली असते, आणि स्नायू मोजणीत फारसे ताठ नसतानाही डोके दुखते. ही तंत्रे तरीही उपयोगी पडतात, त्याचे एक कारण बहुधा ताण लवकर लक्षात येणे हे असावे.

गोळी घेऊ नका असे मी म्हणणार नाही. अधूनमधून घेतलेली पॅरासिटामॉल हा या डोकेदुखीवरचा मान्य उपाय आहे. मोजायची ती दिवसांची संख्या. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अथवा कॅफिन वगैरे मिसळलेल्या संयुक्त गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ चालू राहिली, तर गोळ्यांमुळेच होणारी डोकेदुखी मागे लागू शकते. आठवड्याचे पाच दिवस काउंटर आणि पाचही दिवस गोळी असेल, तर महिन्याला वीस दिवस होतात. तुमचे किती होतात ते तुम्हीच मोजा, आणि आकडा या हद्दीजवळ असेल तर डॉक्टरांना दाखवून मगच गोळ्या कमी करा.

तुमचे वर्णन, म्हणजे दोन्हीकडे आवळल्यासारखे दाबणारे दुखणे, ताणाच्या डोकेदुखीशी जुळते. ते एका बाजूला ठणकत असेल, जिना चढल्यावर वाढत असेल, मळमळत असेल, तर मायग्रेनचा विचार करावा लागेल आणि उपायही बदलतील. चाळिशीच्या आसपास असाल तर जवळचा चष्मा एकदा तपासून घ्या. आकडे वाचताना कपाळ आवळले जाण्याचे ते साधे कारण असू शकते. अचानक, काही क्षणांत शिगेला पोचलेले दुखणे, तापाबरोबर मान ताठ होणे, बोलताना अडखळणे, हातापायात अशक्तपणा येणे, डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले दुखणे, यांपैकी काही असेल तर श्वास मोजत बसू नये, तातडीने डॉक्टरांकडे जावे.

तूर्त चार आठवडे एका वहीत तीनच गोष्टी लिहा : डोके दुखले का, किती वाजता सुरू झाले, गोळी घेतली का. घरचा सराव नियमित होऊनही चौथ्या आठवड्यात दुखण्याचे दिवस पहिल्या आठवड्याइतकेच असतील, आणि ते महिन्याला पंधराच्या घरात जात असतील, तर ती वही घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. अशा दुखण्यावर अमिट्रिप्टिलिनसारखी, रोज कमी मात्रेत घ्यायची प्रतिबंधक औषधे असतात. ती सुरू करायची की नाही हे ठरवताना त्यांना तुमच्या या नोंदी लागतील.