बीट ज्यूस आणि बीपीची गोळी

"रोज एक ग्लास बीटचा ज्यूस प्या, आठ दिवसांत बीपीची गोळी बंद! स्टॅमिना डबल! लंडनमध्ये सिद्ध झालंय, साताऱ्यातल्या सगळ्या रनर्सना फॉरवर्ड करा."

या मेसेजमधला लंडनचा अभ्यास खराच आहे, २०१५ चा, क्वीन मेरी युनिव्हर्सिटीचा. हाय बीपीच्या ६४ लोकांपैकी निम्म्यांना रोज २५० मिली ज्यूस आणि बाकीच्यांना तसाच पण बीटातलं बीपी उतरवणारं नायट्रेट काढून टाकलेला ज्यूस, असं चार आठवडे चाललं. खऱ्या ज्यूसवाल्यांचं वरचं बीपी सरासरी ७-८ पॉइंट उतरलं आणि हे चांगलंच आहे, मी नाकारत नाही. पण त्यातल्या ज्यांच्या गोळ्या चालू होत्या त्यांनी त्या बंद केल्या नव्हत्या, आणि ज्यूस थांबवल्यावर दोन आठवड्यांत बीपी परत होतं तिथं आलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात गोळ्या चालू असलेल्या २७ जणांना आठवडाभर ज्यूस दिला तर काहीच फरक पडला नाही. एकूण अभ्यास छोटे आणि थोड्या आठवड्यांचे, हार्ट अटॅक किंवा लकवा टळतो का हे त्यातनं कळतच नाही. ज्याचं बीपी १६० आहे त्याचं सात कमी झालं तरी १५३ राहणार, मग गोळी बंद कशी करायची?

आणि ज्यूस पोटात गेला की काम झालं असंही नाही. नायट्रेट रक्तातनं लाळेत येतं, जिभेवरचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, ते गिळल्यावर शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि रक्तवाहिन्या सैल होतात. म्हणून जंतुनाशक माउथवॉशनं चूळ भरणाऱ्याला ज्यूसचा फायदा जवळजवळ मिळतच नाही. बीट उकडून पाणी ओतून दिलं तर बरंच नायट्रेट त्या पाण्याबरोबरच जातं.

आता स्टॅमिना. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या एक्झेटर युनिव्हर्सिटीत ज्यूस पिणाऱ्यांचा सायकलवर दमून थांबेपर्यंतचा वेळ ५८३ सेकंदांवरनं ६७५ वर गेला, म्हणजे १६ टक्के, डबल नाही. आणि ती दमेपर्यंतची टेस्ट होती, ठरलेलं अंतर कापायच्या वेळात फरक एक-दोन टक्क्यांच्या आसपासच असतो. समजा हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढून-उतरून तुम्हाला अडीच तास लागतात, तर एक टक्का म्हणजे दीड मिनिट. त्यातही कसलेल्या रनर्सना बहुतेक वेळा तेवढंही मिळत नाही, नव्यांना जास्त मिळतं. घ्यायचाच असेल तर शर्यतीच्या दोन-तीन तास आधी, साधारण ४०० मिलीग्रॅम नायट्रेट लागतं. मंडईतल्या बीटात किती आहे हे माती आणि खतावर अवलंबून, त्यामुळे गाड्यावरच्या एका ग्लासात तेवढं असेलच असं नाही. आणि शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा पिऊ नका, काहींचं पोट बिघडतं, आधी सरावाच्या दिवशी पिऊन बघा.

लघवी लाल झाली तर घाबरू नका, बीटानं होते तशी. पण मुतखडा झालेल्यांनी रोज पिऊ नये, बीटात ऑक्सलेट भरपूर असतं. आणि घरी कोणी हा मेसेज वाचून गोळी सोडली असेल तर आज ती परत चालू करा आणि डॉक्टरांना फोन करा.