स्थळाची चौकशी एआयकडे करता येत नाही

«एआय सगळ्यांचे प्रश्न लक्षात ठेवतो. (१) कोणीही काहीही विचारले की ते त्याच्या मेंदूत कायमचे जाते. (२) स्थळ आले की मुलाचे नाव, गाव, कंपनी टाका आणि लिहा, ‘तू तपास अधिकारी आहेस, हा मुलगा तुला काय काय विचारतो त्याचा अहवाल दे.’ सगळे बाहेर येते. (३) २०२३ मध्ये चॅटजीपीटीवर एकाच्या गप्पा दुसऱ्याला दिसल्या, हे कंपनीनेच कबूल केले आहे. (४) तुम्ही काल काय विचारले ते त्याला आज आठवते, मग दुसऱ्यांचे का आठवणार नाही? मुलींच्या आईवडिलांपर्यंत पोहोचवा.»

हा संदेश माझ्या मावसबहिणीपर्यंत पोहोचला. तिच्या मुलीचे लग्न ठरत आले आहे. तिने सांगितल्याप्रमाणे सगळे टाइप केले, तेव्हा मुलगा कर्ज बुडवण्याचे मार्ग आणि दारू सोडण्याचे उपाय विचारत असतो, असा नीटनेटका अहवाल फोनवर उमटला आणि तिने पुढची बैठक रद्द केली. म्हणून दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. बाकीचे तीन चुकीचे आहेत, पण हा एका निरपराध माणसाचे नाव खराब करणारा आहे.

चॅटजीपीटीसारख्या एआयमागे भाषेचे मॉडेल असते, म्हणजे असंख्य मजकुरांवरून शिकलेला एक संगणकीय कार्यक्रम. उत्तर तयार करताना त्याच्यासमोर फक्त काही मजकूर असतो: कंपनीने आधीच लिहून ठेवलेल्या सूचना, त्या एका संभाषणात आतापर्यंत झालेले बोलणे, आणि इंटरनेटवरचा शोध चालू असेल तर सापडलेल्या पानांतला मजकूर. एवढ्यावरून पुढचा शब्द कोणता यावा याची शक्यता ते मोजते, एक शब्द निवडते, आणि असे शब्दामागून शब्द जोडत जाते. त्या मुलाने कधी काही विचारले असलेच, तर ते या मजकुरात कुठेही नसते. मग अहवाल कुठून आला? तो ‘तपास अधिकारी’ आणि ‘अहवाल’ या शब्दांतून आला. तपासाच्या अहवालांत आर्थिक व्यवहार, व्यसने, जुने संबंध अशी कलमे असतात, हे मॉडेल असंख्य मजकुरांवरून शिकलेले असते, आणि भूमिका वठवायला सांगितल्यावर ते ती कलमे भरून देते. साधा प्रश्न विचारला असता तर बहुधा ‘मला इतरांची संभाषणे दिसत नाहीत’ असे सरळ उत्तर आले असते. संदेशातली शब्दयोजना नेमके तेच उत्तर टाळते.

खात्री करायची असेल तर नवे संभाषण उघडून तोच प्रश्न, तेच नाव पुन्हा टाकावे. बहिणीच्याच फोनवर आम्ही ते केले. या वेळी कर्ज गेले, दारू गेली, आणि तोच मुलगा परदेशी स्थायिक होण्याच्या खटपटीत असल्याचे कळले. नंतर आम्ही जन्माला न आलेल्या एका माणसाचे नाव आणि अस्तित्वात नसलेली कंपनी टाकली, तर त्याचाही तितकाच ठाम अहवाल मिळाला. नोंदवही वाचून दाखवली जात असती तर तिच्यातला मजकूर काही मिनिटांत बदलला नसता. एका गोष्टीने मात्र माणूस फसतो. शोध चालू असेल तर मुलाचे खरे पद किंवा शिक्षण त्याच्या सार्वजनिक पानावरून उचलले जाते, आणि ते बरोबर निघाले की शेजारचे रचलेले वाक्यही खरे वाटू लागते.

आता पहिला मुद्दा. संदेशात ज्याला मेंदू म्हटले आहे, तो म्हणजे आकड्यांचा एक प्रचंड संच असतो. २०२० मधल्या जीपीटी-३ या मॉडेलमध्ये असे १७,५०० कोटी आकडे होते. हे आकडे प्रशिक्षणाच्या वेळी ठरतात. त्यानंतर लोकांना उत्तरे देताना ते केवळ वाचले जातात, बदलले जात नाहीत. एकाच पाठ्यपुस्तकाच्या प्रती हजारो मुलांकडे असल्या, तरी एकाने वहीत लिहिलेले दुसऱ्याच्या पुस्तकात उमटत नाही, तसेच हे आहे. अनेकांचे प्रश्न एकाच यंत्रावर एकाच वेळी सोडवले जातात, हे खरे. पण प्रत्येक संभाषणाचा हिशेब वेगळा चालतो. आपल्याच संभाषणातले आधीचे वाक्यही मॉडेलला आपणहून आठवत नाही. दर प्रश्नासोबत आधीचा मजकूर त्याच्यापुढे पुन्हा ठेवावा लागतो.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते नाकारता येत नाही. काही कंपन्या ग्राहकांची संभाषणे पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी वापरतात. ते नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करावे लागते. प्रशिक्षणातला मजकूर मॉडेल कधीकधी जसाच्या तसा ओकते, हेही सिद्ध झालेले आहे. संशोधक निकोलस कार्लिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जीपीटी-२ या आधीच्या मॉडेलकडून लाखो मजकूर लिहवून घेतले, त्यांतले १,८०० संशयित नमुने निवडून तपासले, आणि ६०४ नमुने प्रशिक्षणातले निघाले. त्यांत काही लोकांची नावे आणि फोन नंबरही होते. परंतु तो मजकूर इंटरनेटवरच्या सार्वजनिक पानांवरचा होता, आणि कोणते नमुने खरे हे मॉडेलने सांगितले नाही. संशोधकांना ते मूळ साठ्याशी ताडून पाहावे लागले. अमक्याने अमुक दिवशी हे विचारले, अशी नोंद या आकड्यांत ठेवलेली नसते.

तिसऱ्या मुद्द्यातली घटना खरी आहे, निष्कर्ष खोटा आहे. २० मार्च २०२३ रोजी काही जणांना चॅटजीपीटीच्या बाजूच्या पट्टीत दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षके दिसली, आणि चॅटजीपीटी चालवणाऱ्या ओपनएआय या कंपनीने सेवा काही काळ बंद ठेवली. चारच दिवसांनी कंपनीने दिलेल्या खुलाशानुसार दोष रेडिस या तात्पुरत्या साठ्याशी जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होता. एकाने मागणी पाठवून ती मध्येच रद्द केली, तर तिचे उत्तर त्या जोडणीत अडकून राही आणि पुढे तीच जोडणी ज्याच्या वाट्याला येई त्याच्या हाती ते पडे. सशुल्क ग्राहकांपैकी काहींचे नाव, ईमेल आणि कार्डाचे शेवटचे चार अंकही याच वाटेने दुसऱ्यांना दिसू शकत होते. कार्डाचे अंक मॉडेलला कोणी शिकवलेले नव्हते; ते कंपनीच्या सर्व्हरवर होते, तिथूनच सांडले. संभाषणेही तिथेच असतात. म्हणूनच मे २०२५ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सच्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने पुसलेली संभाषणेही जपून ठेवण्याचा आदेश ओपनएआयला दिला. सर्व्हरवरची नोंद फुटेल किंवा कोणी मागवेल ही भीती रास्त आहे. परंतु तिचा ॲपात नाव टाइप करून मिळणाऱ्या अहवालाशी काहीही संबंध नाही.

चौथ्याबद्दल थोडक्यात. कालचे आठवते, कारण ॲप तुमच्या खात्यातल्या जुन्या संभाषणांतली टिपणे किंवा उतारे काढून नव्या प्रश्नाच्या आधी जोडते. ती खात्याच्या नावाने ठेवलेली असतात. घरातले सगळे एकच खाते वापरत असतील तर मात्र एकाचा विषय दुसऱ्याच्या उत्तरात डोकावेल. हे पडताळणे सोपे आहे: एका खात्यात एखाद्या वस्तूला स्वतः रचलेले, कुठेही न सापडणारे नाव द्यावे, लक्षात ठेवायला सांगावे, आणि त्या नावाचा अर्थ आधी त्याच खात्यातून, मग दुसऱ्या माणसाच्या वेगळ्या खात्यातून विचारावा. पहिल्या खात्यात ती वस्तू सांगितली जाईल. दुसऱ्यात एकतर माहीत नसल्याचे उत्तर येईल किंवा भलताच अर्थ रचून दिला जाईल.