‘छळवणूक’ म्हणजे काय रे?

आज एका शाळेत जिन्याच्या भिंतीवर छळवणूकविरोधी सप्ताहाचं पोस्टर दिसलं. ‘छळवणूकमुक्त शाळा, हीच आमची प्रतिज्ञा!’ तिसरीतला एक मुलगा मान वर करून अक्षरं लावत होता. छ… ळ… व… मग शेजारच्याला म्हणाला, “म्हणजे काय रे?” त्यालाही माहीत नव्हतं. दोघं पळाले.

डोकंच फिरलं. सप्ताह पोरांसाठी आहे की तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी? त्या मुलाला ‘छळवणूक’ कळत नाही, पण कोण कुणाचा डबा हिसकावतं, कोण कुणाला ‘जाड्या’ म्हणतं, हे पक्कं माहीत असतं. मग तेच लिहा ना!

आणि ‘दादागिरी करू नका’ तर नकोच. करणारा स्वतःला दादा समजत नाही, त्याच्या लेखी ती मस्करी असते. शेजारी उभं राहून हसणारे मात्र वर्गभर असतात. पोस्टर त्यांच्याशी बोललं पाहिजे:

रोज एकालाच चिडवतात?
रोज त्याचाच डबा घेतात?
मुद्दाम त्यालाच खेळायला घेत नाहीत?
ही मस्करी नाही.
तू हसू नकोस. त्याला म्हण, “चल, आपण जाऊ.”
मग बाईंना सांग.
हा चोंबडेपणा नाही.

यातला ‘रोज’ गाळू नका. तो नसला की प्रत्येक कट्टीची तक्रार येते, तिसऱ्या दिवशी बाई वैतागतात आणि खरी तक्रार त्यात बुडते. (एकदाच, पण जबर मारलं तर तेही सांगायचं, हे वर्गात तोंडी सांगा.) ‘विरोध करा’ असंही लिहू नका, आठ वर्षांचं पोर मार खाईल. “चल, आपण जाऊ” हे त्याला भांडण न करता जमतं.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. बिचारी पोरं गप्प बसतात ती बरेचदा ‘चोंबडा’ म्हणतील या भीतीनं. दुसऱ्याला ओरडा बसावा म्हणून सांगणं हा चोंबडेपणा. कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगणं ही मदत. एवढा फरक त्यांना नीट कळतो. पण बाईंनीच भर वर्गात “कोण रे त्रास देतो, उभा राहा” म्हटलं, की पोस्टर संपलं. म्हणून कोणत्या बाई, मधल्या सुट्टीत कुठे भेटतील, हे पोस्टरवरच लिहा. खाली १०९८. मुलांसाठीची ही हेल्पलाइन मोफत आहे, २४ तास चालते.

मोठ्या वर्गांना वेगळा मजकूर लागेल, ग्रुपमधून काढणं, फोटो फिरवणं वगैरे. मान्य.

पोस्टर तिसरीच्या डोळ्यांसमोर हवं, म्हणजे जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर. मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर नको. पाण्याच्या नळापाशी, स्वच्छतागृहाच्या वाटेवर, जिथं मोठं माणूस नसतं तिथं लावा.

आणि छापण्याआधी तिसरीतल्या दोघांना मोठ्यानं वाचायला द्या. अडखळतील तो शब्द काढायचा. आजच्या पोस्टरवर मग ‘शाळा, हीच आमची’ एवढंच उरलं असतं.