बटन दाबलं की रिपोर्ट

आमची शिरोली एमआयडीसीतली फौंड्री. दर आठवड्याला रिजेक्शन रिपोर्ट करायचा म्हणजे तिन्ही शिफ्टच्या एक्सेल शीट एकत्र करा, डिफेक्टप्रमाणं बेरजा मारा आणि साहेबांना मेल करा. साहेबांचं एकच पालुपद, "भावा, मॅक्रो करून टाक की, बटन दाबलं की रिपोर्ट!"

आता हिशोब बघा. हातानं चाळीस मिनिटं, वर्षाचे पन्नास आठवडे, म्हणजे जवळजवळ 33 तास. मॅक्रो करायला आणि वर्षभर सांभाळायला यापेक्षा कमी लागत असतील तर करावा. पण खरी गोम वेगळीच. फर्स्ट शिफ्टवाला 'ब्लो होल' लिहितो, सेकंडवाला 'बीएच', आणि नाईटवाला नुसतंच 'भोक'. मॅक्रोला काय कळणार, तो तीन वेगळे डिफेक्ट मोजतो! म्हणून आधी ड्रॉपडाऊन लावला, महिनाभर शीट तशाच येतात का बघितलं, मगच कोडला हात. आणि रिमार्कचा कॉलम हातानंच ठेवला, कारण साहेबांना कुठलं कारण आज पचणार हे एक्सेलला कळत नाही.

तसा एक जुना मॅक्रो होताच, आधीच्या गड्यानं रेकॉर्ड केलेला. तो गेला पुण्याला आणि इकडं रिजेक्शन घटायला लागलं! साहेब लई खूश. आता त्यानं माऊसनं ओढून सिलेक्ट केलेलं, त्यामुळं कोडमधे `Range("A2:H148")` असं कायमचं छापलेलं. 148 च्या खालचा माल, म्हणजे सगळ्यात शेवटी चिकटवलेली नाईट शिफ्ट, गायब. एरर नाही, काही नाही, गुपचूप. आधी शेवटची ओळ शोधायची आणि मग `Range("A2:H" & lastRow)` असं लिहायचं. शोधायची ओळ ही:

```
lastRow = Cells(Rows.Count, "A").End(xlUp).Row
```

हे तळापासून वर येत शेवटची भरलेली ओळ शोधतं. फक्त तो कॉलम कधी रिकामा राहणारा नसावा, आमच्यात तारखेचा आहे. वर एक चेक टाकला, कच्च्या शीटची बेरीज आणि रिपोर्टची बेरीज जुळली नाही तर सेल लालभडक. लगेच रिजेक्शन पूर्वपदावर आलं आणि साहेबांचा चेहरा पण.

मग 'आधी वाचा' नावाची शीट केली: फाईल कुठनं घ्यायची, कुठल्या नावानं ठेवायची, `.xlsm` मधेच सेव्ह करायची (`.xlsx` केली की मॅक्रो गेला), मॅक्रो चालल्यावर `Ctrl+Z` चालत नाही म्हणून आधी कॉपी काढायची, आणि लाल सेल आला तर मेल करायचा नाही. लिहून झाल्यावर फाईल डिस्पॅचच्या मामांना मेल केली आणि शेजारी हाताची घडी घालून बसलो, बोलायचं नाही असं ठरवून.

मामा चष्मा लावून मोठ्यानं वाचत होते. "बटन दाबा. दाबलं. वर लाल पट्टी आली, धोका म्हनतंय. पोरा, पगार कापत न्हाईत न्हवं?"

मेलनं आलेल्या फाईलचे मॅक्रो एक्सेल अडवतं. फाईल सेव्ह करून बंद करायची, मग तिच्यावर राईट क्लिक, `Properties`, खाली `Unblock` ला टिक. मामांनी स्वतःच पेन काढलं आणि हे सगळं कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं.